रशियन वाचता येत नाही, तरी रशियन मॅन्युअल तपासायचं कसं? बॅक ट्रान्सलेशन, पायरी पायरीनं

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इकडनं पंप, व्हॉल्व्ह किंवा मशिनरी रशियाला, कझाकस्तानला जायची म्हटलं की मालाबरोबर रशियन मॅन्युअल लागतंच. तिकडच्या पाच देशांच्या युनियनचा मशिनरी सेफ्टीचा जो नियम आहे, टीआर सीयू ०१०/२०११, तो फेब्रुवारी २०१३ पासून लागू आहे आणि त्यात मॅन्युअल रशियनमध्ये पाहिजे असं सरळ आहे. मग आपण ट्रान्सलेटर शोधतो, इंग्रजी मॅन्युअल देतो, आठ-पंधरा दिवसांनी रशियन फाईल येते, आणि इथं गाडी अडते, कारण ऑफिसात कुणालाच ते वाचता येत नाही. बिल तर द्यायचंय, पण काय आलंय ते कळत नाही.

यावर एक जुना उपाय म्हणजे बॅक ट्रान्सलेशन. आलेलं रशियन दुसऱ्या माणसाकडनं परत इंग्रजीत करून घ्यायचं आणि मूळ इंग्रजीशी ताडून बघायचं. ऐकायला सोपं आहे, पण नवीन लोक ते ज्या पद्धतीनं करतात त्यात निम्मा पैसा वाया जातो, म्हणून एक उदाहरण घेऊन सगळं नीट सांगतो. समजा आपला ५ एचपीचा मोनोब्लॉक पंप आहे, २४ पानांचं मॅन्युअल आहे, आणि रशियन फाईल हातात आली आहे.

आधी काय तपासायचं ते ठरवा

सगळी २४ पानं उलटी करून घेऊ नका. बॅक ट्रान्सलेशन हे पण एक ट्रान्सलेशनच आहे, त्याचे पैसे जवळपास तेवढेच लागतात. कंपनीची ओळख, "आमचा पंप घेतल्याबद्दल आभार" असलं काही तपासून उपयोग नाही. जिथं चूक झाली तर माणसाला लागेल, पंप जळेल किंवा वॉरंटीचं भांडण होईल तेवढंच घ्या. आपल्या पंपाच्या बाबतीत सेफ्टीच्या सूचना, बसवणी, पहिल्यांदा चालू करणं, आकड्यांचं टेबल, पार्ट लिस्ट आणि वॉरंटीची अट, एवढं बास झालं. सहा-सात पानं होतात.

मग एक्सेलमध्ये एक शीट करा. एका ओळीत एकच वाक्य, प्रत्येकाला नंबर, एका कॉलमात मूळ इंग्रजी, शेजारी रशियन, पुढं बॅक ट्रान्सलेशनला रिकामा कॉलम, त्यापुढं शेरा आणि शेवटी निर्णय. कुठलं रशियन वाक्य कुठल्या इंग्रजीचं आहे हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून हे जोडून देण्याचं काम पहिल्या ट्रान्सलेटरलाच सांगा, ऑर्डर देतानाच सांगितलं तर कुणी कुरकुर करत नाही. आणि हे काम सुरू व्हायच्या आधी मूळ इंग्रजी फायनल करा. मधेच डिझाईनवाल्यांनी एक आकडा बदलला की ताडून बघताना तो फरक ट्रान्सलेटरच्या नावावर जातो.

दुसरा माणूस कोण आणि त्याला काय द्यायचं

दुसरा माणूस पहिल्यापेक्षा वेगळा पाहिजे, त्याचा पार्टनर नको, त्याच्याच एजन्सीतला शेजारच्या टेबलावरचा पण नको. त्याला रशियन चांगलं यायला पाहिजे आणि मशिनरीची थोडी तरी ओळख पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला मूळ इंग्रजी दिसता कामा नये. मूळ दिसलं की माणूस नकळत तेच लिहितो, मग तपासणी कसली.

इथं लोक हमखास घोटाळा करतात. एक्सेलमध्ये इंग्रजी कॉलम हाईड करतात आणि फाईल पाठवतात, समोरचा एका क्लिकमध्ये उघडतो. हाईड नाही, कॉलम डिलीट करून नवीन फाईल म्हणून सेव्ह करा. पीडीएफ पाठवत असाल तर चित्रांवर इंग्रजी नावं राहिली आहेत का बघा. आणि त्याला एवढंच सांगा की हे पंपाचं मॅन्युअल आहे, तुमचा ब्रँड किंवा मॉडेल नंबर सांगायची गरज नाही, नाहीतर तुमच्या वेबसाईटवरनं इंग्रजी मॅन्युअल काढून समोर ठेवणारे पण असतात, चांगल्या हेतूनं सुद्धा.

सूचना लिहून द्या, फोनवर नको. त्यात चार गोष्टी पाहिजेत. एक, जे लिहिलंय तेच इंग्रजीत लिहा, छान करू नका. दोन, रशियन वाक्य चुकीचं, अर्धवट किंवा विचित्र वाटलं तर ते दुरुस्त न करता तसंच ठेवा आणि शेऱ्यात लिहा. तीन, ज्याचे दोन अर्थ होऊ शकतात तिथं दोन्ही लिहा. चार, सुटा शब्द असेल, म्हणजे टेबलातला किंवा पार्ट लिस्टमधला, तर नुसता इंग्रजी शब्द नको, ती वस्तू काय आहे ते चार-पाच शब्दांत सांगा. ही चौथी सूचना का ते पुढं कळेल, पण ती सोडू नका.

दुसरी सूचना पण फार कामाची आहे. चांगला ट्रान्सलेटर हा सवयीनं चांगलं लिहितो, त्याला वाईट रशियन दिलं तरी त्यातनं अर्थ काढून तो स्वच्छ इंग्रजी देतो, आणि तुम्ही खूश होता की वा, काय सुंदर मॅन्युअल झालंय. तिकडं गिऱ्हाईक मात्र वाचून डोकं खाजवतंय.

वाचताना आधी मूळ बाजूला ठेवा

बॅक ट्रान्सलेशन आलं की लगेच दोन कॉलम समोरासमोर धरून शब्दाला शब्द लावत बसू नका. आधी नुसतं आलेलं इंग्रजी प्रिंट काढा आणि असेंब्लीतल्या किंवा टेस्टिंगच्या माणसाला द्या, ज्यानं हा पंप शंभर वेळा चालू केलाय. इंग्रजी त्याला कमी येत असेल तर शेजारी बसून मराठीत सांगा. त्याला एवढंच विचारा, "मामा, एवढं वाचून पंप चालू करायचा तर करता येईल काय? काय उलटं वाटतंय काय?" ऑफिसात बसून ग्रॅमर बघणाऱ्यापेक्षा हा माणूस खरी चूक आधी पकडतो.

आपल्या उदाहरणात आठव्या वाक्यावर तो थांबेल. मूळ इंग्रजीत आहे की चालू करायच्या आधी पंप प्राईम करा आणि हवा काढून टाका. बॅक ट्रान्सलेशनमध्ये आलंय, "चालू करण्यापूर्वी पंपाला प्रायमर लावा आणि हवा सोडा." मामा म्हणणार, "प्रायमर? रेड ऑक्साईड? चालू करायच्या आधी रंग कशाला मारायचा?" इथं पहिल्या ट्रान्सलेटरनं डिक्शनरीतला रंगाच्या प्रायमरचा अर्थ उचललाय, रशियनमध्ये पंपात पाणी भरायला वेगळं क्रियापद आहे, साधं "ओतून भरा" अशा अर्थाचं. ही खरी चूक, आणि बॅक ट्रान्सलेशनला ती स्वच्छ सापडली. असल्या चुकांसाठीच हा खर्च करायचा.

मग ताडून बघा, पण क्रमानं

आता दोन्ही कॉलम समोर घ्या. एकाच फेरीत सगळं बघायला गेलं की डोळा फसतो, म्हणून आधी फक्त आकडे आणि युनिट, मग फक्त "नाही, पेक्षा जास्त, पेक्षा कमी, आधी, नंतर" असले शब्द, मग वाक्य गळलंय का, आणि सगळ्यात शेवटी टेक्निकल शब्द.

दुसऱ्या फेरीत आपल्याला अकरावं वाक्य सापडेल. मूळ म्हणतं सक्शन लिफ्ट ६ मीटरपेक्षा जास्त नको. परत आलंय, "सक्शनची उंची किमान ६ मीटर असावी." रशियनमध्ये "ने बोलेये" म्हणजे जास्त नको आणि "ने मेनेये" म्हणजे कमी नको, घाईत टाईप करताना एकाच्या जागी दुसरं जातं. वाक्य व्याकरणात एकदम बरोबर दिसतं, त्यामुळं रशियन माणसानं नुसतं भाषा म्हणून वाचलं तर त्याला पण खटकत नाही. पण तसं बसवलं तर पंप विहिरीपासून जितका वर तितका चांगला असा अर्थ होतो. हवेचा दाब समुद्रसपाटीला जेमतेम १० मीटर पाणी ढकलतो, त्यातनं पाईपमधलं नुकसान वजा केलं की वर काय राहतंय? पंप पाणी उचलणार नाही, किंवा उचलला तरी खडखड करत इम्पेलर खाऊन टाकेल. मग वॉरंटीत आपल्याकडंच येणार, आणि आपल्या मॅन्युअलमध्ये तसं छापलेलं असणार.

सगळा फरक म्हणजे चूक नव्हे

इथं बरेच जण ट्रान्सलेटरशी उगाच भांडतात. टेक्निकल शब्दांच्या फेरीत तुम्हाला "वर्किंग व्हील" दिसेल आणि डोकं फिरेल, आपण तर इम्पेलर लिहिलं होतं. पण रशियनमध्ये इम्पेलरला "राबोचेये कोलेसो" म्हणतात, शब्दशः काम करणारं चाक, आणि दुसरा माणूस तुमच्याच सूचनेप्रमाणं शब्दशः लिहितोय. ते बरोबर आहे. तसंच "रिव्हर्स व्हॉल्व्ह" आलं तर तो आपला एनआरव्ही असतो, "एंड सील" आलं तर बहुतेक मेकॅनिकल सील. "पंप कोरडा चालवू नका" हे "पंपाचे कोरडे कार्य अनुज्ञेय नाही" असं सरकारी थाटात परत येईल, कारण रशियन मॅन्युअलमध्ये अशीच भाषा चालते, तिकडं ती नैसर्गिक आहे.

म्हणून शेऱ्याच्या कॉलमात लगेच "चूक" लिहू नका. तीनच शेरे ठेवा, अर्थ तोच, विचारायचं, अर्थ बदलला. आणि "विचारायचं" वाल्या ओळी पहिल्या ट्रान्सलेटरला पाठवताना असं लिहा की मॅडम, नंबर १९ मध्ये परत येताना वर्किंग व्हील आलंय, तिकडं इम्पेलरला हेच म्हणतात का? उत्तर येतं, "हो सर, पंपाच्या सगळ्या रशियन कॅटलॉगमध्ये हेच असतं, एक लिंक पाठवते." झालं, विषय संपला. फरक दिसला की त्याची कारणं तीन असू शकतात, रशियन चुकलंय, परत करणारा चुकलाय, किंवा आपलं मूळ इंग्रजीच धड नव्हतं. हे तिसरं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. आपल्याकडच्या मॅन्युअलमध्ये "चेक द पंप प्रॉपरली" असली वाक्यं असतात, त्याचं कुणी काय करायचं?

बॅक ट्रान्सलेशनला न दिसणाऱ्या चुका

हा भाग सगळ्यात नीट वाचा, कारण इथं सगळं हिरवं दिसतं आणि आत चूक बसलेली असते.

आकड्यांच्या टेबलात एका चौकटीत नुसतं "हेड, मी." असं असतं. आजूबाजूला वाक्य नाही, संदर्भ नाही. कच्च्या ट्रान्सलेटरनं तिथं "गोलोव्का" टाकलं, म्हणजे मशीनचं डोकं, सिलिंडर हेडमधलं हेड. पंपाच्या हेडला रशियनमध्ये "नापोर" म्हणतात. आता हे "गोलोव्का" परत इंग्रजीत केलं की काय येणार? "हेड"! तुमच्या शीटवर दोन्हीकडं हेड, तुम्ही खूण करून पुढं जाता. पार्ट लिस्टमध्ये तर ही रांगच लागते. शाफ्टला "वाल" पाहिजे, पण "शाख्ता" म्हणजे खाणीची शाफ्ट लिहिली तरी परत शाफ्टच येते. ग्लँडला "साल्निक" पाहिजे, शरीरातली ग्रंथी असलेला "झेलेझा" लिहिला तरी परत ग्लँडच. नटाच्या जागी खायचा अक्रोडवाला नट लिहिला, तरी परत नटच. म्हणजे इंग्रजी शब्दाला जिथं दोन अर्थ आहेत तिथं चूक जाताना होते आणि येताना पुसली जाते.

म्हणून मघाशी ती चौथी सूचना सांगितली. परत करणाऱ्यानं शेऱ्यात "खाणीत खाली जाणारा उभा मार्ग" असं लिहिलं की तुम्ही खुर्चीतनं उठाल. रशियनवरनं थेट मराठी करणारा माणूस मिळाला तर अजून चांगलं, कारण मराठीत खाणीचा बोगदा आणि मशीनचा शाफ्ट असे एका शब्दात येत नाहीत, चूक लगेच उघडी पडते. तसा माणूस रोज मिळत नाही, पण निदान पार्ट लिस्टच्या तीस-चाळीस शब्दांपुरता मिळतोय का बघा, काम छोटं असतं.

दोन्ही नाही जमलं तर एक फुकटचा उपाय आहे आणि तो रशियन न येणाऱ्यालाही जमतो. पार्ट लिस्टमधला रशियन शब्द कॉपी करा आणि नेटवर इमेज सर्चमध्ये टाका. "वाल" हा शब्द एकटा टाकला तर नाना गोष्टी येतील, म्हणून त्याच्यापुढं रशियनमधला पंपाचा शब्द, "नासोस", जोडा. फोटोत पंपाचा शाफ्ट दिसला तर ठीक. "राबोचेये कोलेसो" टाकलं की समोर इम्पेलरच इम्पेलर येतात. मात्र ज्या शब्दाची शंका आहे तो एकदा पंपाच्या शब्दाशिवाय पण टाकून बघा, कारण पंप शब्द जोडला की चुकीच्या शब्दालाही पंपाचेच फोटो येऊ शकतात. शाख्ता एकटा टाकला की खाणी दिसतात, तिथं काय ते कळतं.

दुसरी न दिसणारी चूक आकड्यातला कॉमा. आपण स्पीड २,९०० आरपीएम असा लिहितो. रशियनमध्ये कॉमा हा दशांश चिन्ह आहे, हजाराला तिकडं जागा सोडतात किंवा काहीच घालत नाहीत. म्हणजे आपला २,९०० तसाच ठेवला तर तिकडचा माणूस तो दोन पूर्णांक नऊ असा वाचतो. आरपीएमला हसून सोडून देईल, पण क्लिअरन्स, टॉर्क, प्रेशर अशा आकड्यात कुठलं खरं ते त्याला कळणार नाही. आणि परत करणारा आकडे बहुतेक कॉपी-पेस्ट करतो, त्यामुळं शीटवर दोन्हीकडं २,९०० दिसतं आणि तुम्हाला वाटतं छान जुळलं. उलट आपला १.५ मिमी रशियनमध्ये १,५ झालेला दिसला तर तो बरोबर आहे, घाबरू नका. आकड्यांसाठी बॅक ट्रान्सलेशनवर विसंबू नका, रशियन कॉलममध्ये स्वतः बोट ठेवून बघा, आकडे तर तुम्हाला वाचता येतात. हजारात कॉमा राहिला असेल तर काढायला सांगा.

तिसरी गोष्ट म्हणजे भाषेचा दर्जा. रशियनमध्ये शब्दांच्या शेवटी विभक्ती बदलतात, त्या चुकल्या तर वाक्य आपल्याकडं "मी पंपाला चालू केली" म्हटल्यासारखं वाटतं. अर्थ कळतो, त्यामुळं इंग्रजीत परत येताना ते सरळ होऊन येतं. हे बॅक ट्रान्सलेशनचं कामच नाही. त्यासाठी रशियन मातृभाषा असलेल्या, पंपाच्या धंद्यातल्या माणसानं नुसतं रशियन वाचायला पाहिजे, आणि तो तुमच्याकडं बहुतेक आधीच आहे, तिकडचा डीलर. त्याला २४ पानं देऊ नका, तो वाचणार नाही. सेफ्टीचं आणि स्टार्टिंगचं एकेक पान द्या आणि विचारा की तुमच्या मेकॅनिकला हे वाचून कुठं अडेल. आयएसओ १७१०० हे ट्रान्सलेशन सर्व्हिसचं स्टँडर्ड आहे, त्यात पण दुसऱ्या जाणकारानं मूळ आणि ट्रान्सलेशन दोन्ही समोर ठेवून तपासणं सक्तीचं आहे, बॅक ट्रान्सलेशन सक्तीचं नाही. म्हणजे बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी तशी दुहेरी तपासणी घ्या, आणि बॅक ट्रान्सलेशन फक्त सेफ्टीच्या दोन-तीन पानांना.

दुरुस्ती झाल्यावर

आठव्या आणि अकराव्या वाक्याची दुरुस्ती आली की ती दोनच वाक्यं परत उलटी करून घ्या, सगळी फाईल नको. पण ती दुरुस्त वाक्यं त्याच माणसाला देऊ नका, कारण आता त्याला माहीत झालंय की इथं काय अपेक्षित आहे. दोन वाक्यांना तिसरा माणूस शोधायचा म्हणजे जरा ताण होतो, मग निदान शंका न सांगता इतर सात-आठ वाक्यांत मिसळून द्या. आणि एकच चूक सापडली म्हणून तिथंच थांबू नका, प्राईम शब्द मॅन्युअलमध्ये अजून कुठं कुठं आहे ते मूळ इंग्रजीत सर्च करून प्रत्येक ओळ नंबर ट्रान्सलेटरला कळवा. एका जागी चुकलेला शब्द पुढं ट्रबलशूटिंगच्या टेबलात पण चुकलेलाच असतो.

शेवटी डीटीपी. तपासलेली असते एक्सेल फाईल आणि छापली जाते पीडीएफ, मधे डीटीपीवाला असतो ज्याला रशियन येत नाही. रशियन मजकूर बऱ्याच वेळा इंग्रजीपेक्षा लांब होतो, टेबलाच्या चौकटीत शेवटचे शब्द कापले जातात, आणि कापला गेलेला शब्द नेमका "नाही" असू शकतो. फॉन्ट साधा असेल तर एखाद्या अक्षराच्या जागी चौकोन येतो. त्यामुळं फायनल पीडीएफमधली सेफ्टीची पानं एक्सेलच्या रशियन कॉलमशेजारी धरून अक्षरांचे आकार जुळवत एकदा बघाच, वाचता येत नसलं तरी वाक्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जुळतंय का एवढं दिसतं. पंपावर चिकटवायचा वॉर्निंग स्टिकर वेगळ्या प्रेसमध्ये छापतात, तो पण याच फेरीत घ्या. आणि एक्सेल शीटला मॅन्युअलचा व्हर्जन नंबर आणि तारीख घालून फोल्डरमध्ये ठेवा, पुढच्या मॉडेलला निम्मी वाक्यं तीच असतात, तेव्हा फक्त नवीन ओळीच तपासायच्या.